प्रकल्प नोंदी: उशीच्या अभ्र्यासाठी सॅटिन, वीण कुठली आणि धागा कुठला

४ जानेवारी: प्रश्न आणि नमुने

उशीच्या अभ्र्यासाठी कापड ठरवायचे आहे. अभ्र्यावर रात्रभर गाल घासतो, केस अडकतात, कानातले टोचते, आणि कापड दर आठवड्याला धुतले जाते. म्हणून पाहायच्या गोष्टी दोनच. धागा किती ओढला जातो, आणि कापड अंगाला कसे लागते.

सॅटिन ही वीण आहे, रेशीम हा तंतू आहे. सॅटिन रेशमाचे असते, पॉलिस्टरचे असते, सुताचेही असते. आणि रेशीम सॅटिनमध्ये विणले जाते तसे साध्या विणीतही विणले जाते. रेशमी सॅटिन आणि पॉलिस्टर सॅटिन एवढेच दोन तुकडे शेजारी ठेवले, तर दिसणारा फरक विणीचा की तंतूचा हे कळत नाही. म्हणून चार तुकडे घेतले:

क: रेशीम, सॅटिन वीण (शारमूझ म्हणून विकले जाते ते).
ख: रेशीम, साधी वीण (हाबुताई).
ग: पॉलिस्टर, सॅटिन वीण, नेहमीचे चकचकीत.
घ: पॉलिस्टर, साधी वीण, अस्तराचे तॅफेटा.

चारही न धुतलेले. प्रत्येकाच्या किनारीला समांतर सुईदोऱ्याने खूण केली, म्हणजे तुकडे कापल्यावरही उभा धागा कुठला ते विसरणार नाही. यापुढे उभा तो ताणा, आडवा तो बाणा.

५ जानेवारी: तंतूची खात्री

लेबलावर 'सिल्क सॅटिन' किंवा 'सॅटिन सिल्क' असले तरी त्यावरून काही ठरत नाही. प्रत्येक तुकड्याचे ताणे आणि बाणे वेगळे काढून चिमट्यात धरून जाळले. दोन्ही दिशांचे जाळायचे, कारण ताणा रेशमाचा आणि बाणा पॉलिस्टरचा असे मिश्र कापडही मिळते.

क आणि ख ज्योतीपासून आक्रसले, सावकाश जळले, केस जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरडणारी काळी राख उरली. ग आणि घ वितळून मागे सरले, काळपट धूर आला आणि थंड झाल्यावर कडक मणी उरला. तो नखाने फुटत नाही.

कपडे पांढरे करायच्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये धाग्याचे टोक बुडवून ठेवले की रेशीम विरघळून जाते आणि पॉलिस्टर जसेच्या तसे राहते. जळण्याच्या वासाबद्दल शंका असेल तर ही खूण पक्की. त्याच कारणाने रेशमी अभ्रा क्लोरीन ब्लीचमध्ये कधीच घालायचा नाही.

८ जानेवारी: भिंगाखाली वीण

क आणि ग दोन्हींची वरची बाजू ताण्याची आहे. दर ताणा बऱ्याच बाण्यांवरून जातो आणि मग एकाच बाण्याखाली दबतो. मधला मोकळा भाग म्हणजे फ्लोट. साध्या विणीत ताणा एकावर, एकाखाली असा जातो, त्यामुळे तिथे फ्लोट जवळजवळ नसतोच.

ग पाच-ताणी सॅटिन आहे. ताणा चार बाण्यांवरून जातो, एकाखाली दबतो. कुठल्या बाण्याखाली कुठला ताणा दबतो ते क्रमाने लिहिले: पहिल्याखाली १ नंबरचा, दुसऱ्याखाली ३, मग ५, मग २, मग ४, आणि पुन्हा १. दर वेळी दोनची उडी. ही उडी सॅटिनचा गाभा आहे. एकाची उडी घेतली असती तर दबलेले बिंदू शेजारी शेजारी येऊन तिरकी रेघ उमटली असती, म्हणजे ट्विल झाले असते. दोनच्या उडीमुळे बिंदू विखुरतात, आजूबाजूचे फ्लोट त्यांच्यावर पसरतात आणि पृष्ठभाग सलग दिसतो. प्रकाश सलग, समांतर धाग्यांवरून परत येतो, म्हणून चमक.

क आठ-ताणी आहे, सातवर आणि एकाखाली, उडी तीनची. सहा-ताणी नियमित सॅटिन होत नाही. उडी एकापेक्षा मोठी हवी, एकूण संख्येपेक्षा एकाने कमी नको आणि एकूण संख्येशी तिचा सामाईक भाजक नको. सहासाठी उरतात २, ३ आणि ४. तिन्ही सहाशी भाजक वाटून घेतात, त्यामुळे काही ताणे कधीच दबत नाहीत.

नखाने पृष्ठभाग हलकेच खाजवून पाहिला. क आणि ग दोन्हींत फ्लोट बाजूला सरकतात आणि खालचा बाणा दिसतो. ख आणि घ मध्ये काहीच हलत नाही. धागा ओढला जाण्याची शक्यता मुळात विणीतून येते, तंतूतून नाही, हे इथेच दिसते.

११ जानेवारी: मापे

१० सेंमी × १० सेंमीचे तुकडे ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोलले. क ०.८२ ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला ८२ ग्रॅम. रेशमाचे वजन मोमे या एककात सांगतात. एक मोमे म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम. ८२ भागिले ४.३४ म्हणजे साधारण १९ मोमे, लेबलाशी जुळते. ग ०.७२ ग्रॅम, चौरस मीटरला ७२.

धाग्यांची दाटी भिंगाखाली मोजली. क मध्ये सेंमीला १३० ताणे, ४६ बाणे. ग मध्ये ८० ताणे, ३० बाणे. रेशमाचे ताणे इतके बारीक आहेत की पूर्ण सेंटिमीटर मोजताना नजर हुकते. पाव सेंटिमीटर मोजून चौपट करायचे आणि तीन वेगळ्या जागी पडताळायचे.

आता फ्लोटची लांबी. क मध्ये सात बाण्यांची रुंदी, ७ भागिले ४६, म्हणजे साधारण दीड मिमी. ग मध्ये ४ भागिले ३०, म्हणजे १.३ मिमी. रेशमाचा फ्लोट पॉलिस्टरच्या फ्लोटपेक्षा लांब आहे. 'स्वस्त सॅटिनचे धागे लांब मोकळे असतात म्हणून ओढले जातात' हे नेहमीचे स्पष्टीकरण या जोडीला लागू पडत नाही. ग ओढला जात असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

दबलेल्या बिंदूंची मोजणी जास्त बोलकी ठरली. ताणे गुणिले बाणे भागिले सॅटिनची संख्या: क मध्ये १३० × ४६ ÷ ८, म्हणजे चौरस सेंमीला सुमारे ७४७. ग मध्ये ८० × ३० ÷ ५, म्हणजे ४८०. धाग्याच्या जाडीचा ठोकळ हिशेब धरला तर क चे ताणे शेजारी शेजारी ठेवल्यावर सेंटिमीटरपैकी ९ मिमीपेक्षा जास्त जागा भरतात, ग चे ७ मिमीच्या आसपास. ग चे ताणे चपटे होऊन उरलेली जागा झाकतात. वरून कापड भरलेले दिसते, पण शेजाऱ्याचा आधार कमी असतो.

१२ जानेवारी: धागा सोडवून

ग चा ताणा ५० डेनिअरचा, २४ फिलामेंटचा, म्हणजे २४ अखंड बारीक तंतूंचा. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर, तेव्हा एक फिलामेंट साधारण २ डेनिअरचे आणि त्याचा व्यास १४-१५ मायक्रॉन. धाग्याला पीळ नाही. गिरणीत हवेच्या झोताने फिलामेंट ठिकठिकाणी गुंतवलेले असतात, तेवढ्यावरच ते एकत्र राहतात. टाचणीच्या टोकाने एक फिलामेंट सहज वेगळे निघते आणि सोडल्यावर वेगळेच राहते.

क चा ताणाही जवळजवळ बिनपिळाचा. तो दोन कच्च्या रेशीमधाग्यांचा असतो. विणल्यावर डिंक काढला की उरतात ३० च्या आसपास तंतू, प्रत्येकी सुमारे १ डेनिअरचा, व्यास १० मायक्रॉनच्या जरा वर. पिळाच्या बाबतीत दोन्ही ताणे सारखेच उघडे आहेत.

खरा फरक बाण्यात सापडला. ग चा बाणा सपाट, बिनपिळाचा. क चा बाणा कडक पिळाचा: एक सेंमीचे टोक दोन टाचण्यांत धरून उलगडले तर २५ च्या आसपास वेढे सुटतात, म्हणजे मीटरला सुमारे २५००. यालाच क्रेप पीळ म्हणतात. दोन बाणे एका दिशेच्या पिळाचे, पुढचे दोन उलट्या दिशेचे, असा क्रम. कापड धुतल्यावर हे बाणे आखडतात आणि नागमोडी होतात. शारमूझची मागची बाजू म्हणूनच मंद आणि किंचित खरखरीत असते. प्रत्येक दबलेल्या बिंदूवर ताण्याला या नागमोडी, कडक दोरीभोवती वळावे लागते. ग मध्ये त्याच जागी गुळगुळीत ताणा गुळगुळीत फितीवरून जातो.

१५ जानेवारी: धागे ओढून पाहणे

प्रयोगशाळेत यासाठी काटेरी गोळा साखळीला टांगून कापडावर आदळवतात. इथे साधी रीत वापरली, पण चारही तुकड्यांना तंतोतंत एकच.

३ मिमी जाडीच्या नमद्यावर कापड ताणून टाचले. सपाट लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला, एकूण वजन २०० ग्रॅम. ठोकळा न दाबता, फक्त ओढत १० सेंमी नेला. दर दिशेला १० फेऱ्या, आणि प्रत्येक तुकड्याला नवा कागद, कारण वापरलेल्या कागदाचे दाणे बोथट होतात. दिवा बाजूने, अगदी तिरपा लावून उभे राहिलेले फास भिंगाखाली मोजले.

ख आणि घ वर मोजण्यासारखे फास नाहीत; घ वर अंधूक ओरखडा दिसतो. क वर ताण्याच्या दिशेने २ फास, आडव्या दिशेने ५, पण दोन्ही दिशांना बारीक केसाळ लव उठली. ग वर ताण्याच्या दिशेने ७ फास, आडव्या दिशेने २३. लव नाही.

दिशेचा फरक समजण्यासारखा आहे. फ्लोटला समांतर जाणारा दाणा फिलामेंटांच्या मधून घसरत जातो. आडवा जाणारा दाणा फ्लोटला बाजूने धरतो आणि उचलतो. अभ्र्यावर डोके कुशीवरून कुशीवर घसरते ते उशीच्या लांबीच्या दिशेने. त्यामुळे ताणा उशीच्या लांबीला समांतर ठेवायचा. कापड वाचवायला आडवे कापले तर फास वाढतील.

नुकसानीची जातच वेगळी आहे, ती जवळून पाहिली. ग चा एक फास घेतला. २४ पैकी सात-आठ फिलामेंट कमानीसारखी उभी, एकही तुटलेले नाही. कमानीच्या दोन्ही बाजूंना त्याच ताण्याची ओळ ताणली गेलेली, चुणी पडून उठून दिसणारी. क वर त्याच प्रकारच्या जागी दोन-तीन तंतू तुटून त्यांची टोके वर आलेली, बाकीचा धागा जागेवर. रेशीम अडकत नाही असे म्हणणे खोटे आहे. ते अडकते, पण बारीक तंतू लवकर तुटतो आणि ओढ तिथेच थांबते. पॉलिस्टरचा दुप्पट डेनिअरचा, चिवट फिलामेंट तुटत नाही. तो दाण्याबरोबर येतो आणि आपल्या मागे धागा ओढून आणतो. उभा राहिलेला फास पुढच्या वेळी आणखी सहज अडकतो, म्हणून जुन्या ग प्रकारच्या कापडावर ओढींच्या जागा वाढत जातात.

रेशमाची लवही काही भूषण नाही. घासले गेलेले रेशीम निस्तेज होते आणि ओले असताना आणखी कमकुवत असते. दोन्ही कापडे खराब होतात, पण वेगवेगळ्या रीतीने.

१६ जानेवारी: धागा किती लांबून येतो

बोथट सुईने एकच फ्लोट उचलून ५ मिमी फास काढला आणि चुणीची ओळ कुठवर जाते ते मोजले. ग मध्ये फासाच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ४ सेंमी. क मध्ये दीड सेंमी, आणि तेवढ्यात काही तंतू तुटले.

गणित असे: ओढीचा ताण प्रत्येक दबलेल्या बिंदूवर घर्षणाने थोडा थोडा कमी होतो. एका ताण्यावर सेंमीला असे बिंदू दोन्हींत जवळजवळ सारखेच आहेत (४६ ÷ ८ म्हणजे पावणेसहा, ३० ÷ ५ म्हणजे सहा). म्हणजे बिंदूंची संख्या नाही, प्रत्येक बिंदूची पकड वेगळी आहे. क मध्ये क्रेप बाणा पकडतो आणि शेजारचे दाट ताणे दाबून धरतात. ग मध्ये दोन्ही नाहीत, त्यामुळे ताण विझायला जास्त लांबी लागते आणि तेवढा धागा फासात येतो.

फॅब्रिक सॉफ्टनरचा परिणामही याच जागी होतो. ग चा एक तुकडा सॉफ्टनरमधून काढून वाळवला आणि तीच चाचणी केली: चुणीची ओळ आणखी लांब गेली. सॉफ्टनर धाग्याधाग्यांतले घर्षण कमी करतो. हाताला कापड मऊ लागते, पण पकड आणखी सुटते. पॉलिस्टर सॅटिनला सॉफ्टनर लावू नये.

२० जानेवारी: स्पर्श, पहिला भाग

हाताळल्यावर क ओघळते, ग उभे राहते. हे मोजता येते. ताण्याच्या दिशेने २.५ सेंमी रुंद, २० सेंमी लांब पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. टोक आडव्या रेषेखाली ४१.५ अंशांवर पोचले की थांबायचे आणि बाहेर आलेली लांबी मोजायची. तिची निम्मी म्हणजे वाकण-लांबी. क ची ३ सेंमी बाहेर आली, ग ची ४.२. वाकण-लांबी १.५ आणि २.१. तिचा घन करून कापडाच्या वजनाने गुणले की ताठपणा मिळतो, आणि तो ग चा क च्या जवळजवळ अडीचपट निघतो, तेही ग वजनाने हलके असताना.

यातला मोठा भाग फिलामेंटच्या जाडीचा आहे. एका फिलामेंटचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १४.६ आणि १०.३ मायक्रॉन यांत व्यासाचा फरक दीडपटही नाही, पण ताठपणाचा चौपट. तेवढ्याच डेनिअरच्या धाग्यात जाड फिलामेंट निम्मी बसतात, म्हणजे धाग्याचा ताठपणा दुप्पट.

बाकीचा भाग मोकळेपणाचा. किड्याने सोडलेल्या रेशमात दोन तंतूंवर सेरिसिनचा डिंक असतो, वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. शारमूझ बहुधा डिंकासकट विणतात आणि मग उकळून डिंक काढतात. जिथे डिंक होता तिथे पोकळी राहते आणि प्रत्येक तंतू स्वतंत्र वाकू शकतो. नेहमीच्या पॉलिस्टरच्या धाग्यातून असे काहीच निघून जात नाही. तो विणताना जेवढी जागा व्यापतो तेवढीच शेवटपर्यंत व्यापतो.

डिंक निघाल्याने तंतू सैल होतात, तर मग क मध्ये ताणा सरकत का नाही, हा प्रश्न उभा राहतो. वाकणे आणि घसरणे ही दोन वेगळी कामे आहेत. वाकायला तंतूला शेजारी थोडी पोकळी पुरते. लांबवर घसरायला त्याला ओळीने कित्येक नागमोडी बाण्यांखालून जावे लागते, आणि ते क्रेप होऊ देत नाही.

चमकेबद्दल थोडक्यात: रेशमाचा तंतू गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोणी असतो आणि जाडीला सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे चमक कोन बदलला की मऊपणे सरकते. चकचकीत पॉलिस्टरचे फिलामेंट मीटरामागून मीटर एकसारखे असते, म्हणून उजेड एकाच वेळी आणि कडक परततो.

२२ जानेवारी: स्पर्श, दुसरा भाग

ओलाव्याची चाचणी. दोन्ही तुकडे मंद उबेत पूर्ण वाळवले, तोलले, उघड्या हवेत रात्रभर ठेवले, पुन्हा तोलले. क ०.७४ वरून ०.८२ ग्रॅमवर आला. ग ०.७२ वरच राहिला. रेशीम २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत आपल्या कोरड्या वजनाच्या ११ टक्के पाणी धरते, पॉलिस्टर ०.४ टक्के. १० सेंमीच्या ग तुकड्यात ते तीन मिलिग्रॅम होते, आपल्या काट्याला ते दिसणारच नाही.

गालाला लागणारा फरक यातूनच येतो. दोन्ही कापडे पहिल्या क्षणी थंड लागतात, कारण सपाट पृष्ठभाग कातडीला पूर्ण टेकतो. पुढे घाम सुटला की रेशीम त्यातली वाफ आत घेते. पॉलिस्टरमध्ये तंतू काही घेत नाही, ओलावा पृष्ठभागावर राहतो आणि कापड चिकटते. कोरड्या हवेत उलटे घडते: पाणी नसल्याने वीजभार वाहून जात नाही, तो साचतो आणि ग केसांना ओढतो.

कोरड्या, भेगाळ बोटांना अडकणे मात्र पॉलिस्टरपुरते नाही. तंतू जितका बारीक तितका तो कातडीच्या खवल्यात शिरतो. १ डेनिअरखालचे मायक्रो-पॉलिस्टर म्हणूनच कधी कधी रेशमापेक्षा जास्त अडकते.

२७ जानेवारी: पाचवा तुकडा

वीण, धाग्याची घडण आणि तंतू यांचे वाटे वेगळे काढायला अजून एक तुकडा हवा होता. ड: पॉलिस्टर शारमूझ, बाणा क्रेप पिळाचा, आणि पुरवठादाराच्या माहितीपत्रकानुसार २० टक्के वजन घटवलेले.

वजन घटवणे म्हणजे विणलेले पॉलिस्टर कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात सोडणे. सोडा फिलामेंट बाहेरून खात जातो. २० टक्के वजन गेले की व्यास सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो आणि धागे एकमेकांना जिथे टेकले होते तिथे फट पडते. रेशमातून डिंक काढल्याने जे होते, त्याच्या जवळ जाणारी ही गिरणीतली रीत आहे. लेबलावर ती लिहीत नाहीत, विचारावी लागते.

ड ची पट्टी ३.२ सेंमी बाहेर आली, क च्या अगदी जवळ. आडव्या घासणीत ९ फास, ग च्या २३ समोर. एका फ्लोटची चुणी सव्वादोन सेंमी. ओलाव्याची चाचणी मात्र ग सारखीच: काटा हलला नाही.

म्हणजे ओघळ आणि धागा ओढला जाणे हे बरेचसे धाग्याची घडण आणि गिरणीतले शेवटचे काम ठरवते. पॉलिस्टरमध्येही ते सुधारता येते, पण त्याला खर्च येतो. ओलावा आणि वीजभार हे तंतूचे स्वतःचे गुण आहेत, ते विणीने बदलत नाहीत.

ड ची एक कमकुवत बाजू लक्षात ठेवायची. वजन घटवल्याने शिवणीजवळ धागे सरकतात. शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणल्यावर टाक्यांलगत फट दिसली, तर वजन जास्त घटवले आहे असे समजावे.

३० जानेवारी: निवड आणि शिवण

अभ्र्यासाठी क, रोजच्या वापराच्या दुसऱ्या जोडासाठी ड. ग बाद.

सुई नवीन, ६०/८ किंवा ७०/१० ची, अगदी टोकदार जातीची. सुई फिलामेंट टोचून जायला हवी. बोथट सुई ते ढकलते आणि शिवणीपासून आडवी-उभी बारीक ओढलेली रेघ उमटते. ती कापडाचा दोष वाटते, पण सुई बदलताच थांबते. आधी टाकाऊ तुकड्यावर १० सेंमी शिवून तिरप्या उजेडात पाहायचे. टाका २ ते २.५ मिमी. टाचण्या बारीक आणि शिवणीच्या मायेतच लावायच्या, कारण फ्लोटमधल्या टाचणीचे भोक बुजत नाही. कापताना खाली आणि वर पातळ कागद ठेवला की कापड घसरत नाही.

कडा लवकर दशा सोडतात, म्हणून फ्रेंच शिवण: उलट्या बाजू एकमेकींवर ठेवून आधी ६ मिमीवर शिवायचे, माया ३ मिमीपर्यंत छाटायची, पलटून ६ मिमीवर पुन्हा शिवायचे. आतल्या कडा बंद झाल्या की धुण्यातही त्या अडकत नाहीत. ड च्या तुकड्याला माया २ मिमी जास्त ठेवली.

इस्त्री उलट्या बाजूने, एका ठिपक्याच्या खुणेवर, म्हणजे ११० अंशांपर्यंत. पॉलिस्टर साधारण ७०-८० अंशांपासून मऊ पडू लागते, त्यामुळे गरम असताना पडलेली घडी थंड झाल्यावर तशीच बसते. दाबून ठेवायचे नाही, सरकवत राहायचे.

३ फेब्रुवारी: ओढलेला धागा बसवणे

बाद केलेल्या ग वर सराव केला.

फास कापायचा नाही. कापला तर फ्लोटची दोन टोके मोकळी होतात, सरकतात आणि तिथे भोक पडते. आधी चुणीची ओळ तिरप्या उजेडात शोधायची आणि ती दोन्ही बाजूंना कुठवर जाते ते पाहायचे. फासाजवळून सुरुवात करून सुईच्या टोकाने पुढचा फ्लोट किंचित उचलायचा, एका मिलिमीटरहून कमी, म्हणजे फासातला थोडा धागा तिकडे जातो. मग त्याच्या पुढचा फ्लोट, मग त्याच्या पुढचा. असे ओळीच्या टोकापर्यंत जायचे, नंतर दुसऱ्या बाजूने तेच. एका बाजूला सगळा धागा परत ढकलला तर तिथे नवीन फुगवटा येतो.

शेवटी कापड ताण्याच्या दिशेने नाही, तर तिरपे, दोन्ही हातांनी दोन-तीनदा हलके ताणायचे. उरलेला सैलपणा शेजारच्या बिंदूंत वाटला जातो. एवढ्याने बसला नाही असा लहान फास बारीक सुईने मागच्या बाजूला ढकलायचा आणि तिथेच ठेवायचा. फिलामेंट तुटलेले असतील तर ओळ सरळ करता येते, पण टोके वरच राहतात. ती पृष्ठभागालगत धारदार कात्रीने कापायची, ओढायची नाहीत.

क वर फास आल्यास हीच रीत, फक्त उचल आणखी हलकी. रेशीम ओले असताना हे काम करायचे नाही.